सप्टेंबरचा पाऊस ७२० कसा झाला?

डिचोलीतल्या आमच्या शाळेत मुलं पर्जन्यमापकाची नोंद वहीत ठेवतात. चवथीची सुट्टी आणि परीक्षा उरकल्यावर त्यांनी कागदावर चार महिन्यांचा तक्ता काढला. पावसाचे निळे स्तंभ, त्यांचं माप डाव्या अक्षावर ० ते १२०० मिलिमीटर. पावसाळी दिवसांची तांबडी रेषा, तिचं माप उजव्या अक्षावर ० ते ३०. मी मोबाइलवर फोटो काढला आणि चित्र वाचणाऱ्या एआयला महिनावार पाऊस विचारला.

जून, जुलै, ऑगस्ट वहीच्या आसपास आले. सप्टेंबर मात्र ७२०! वहीत ४१०. एकूण बेरीज त्यामुळे तीनशेहून जास्त फुगली.

गणिताच्या बाईंनी तक्त्यावर पट्टी आडवी धरली. सप्टेंबरचे पावसाळी दिवस १८. तो तांबडा ठिपका उजव्या अक्षावर १८ पाशी आहे, पण पट्टी तशीच डावीकडे नेली की ती ७२० वर टेकते. म्हणजे ठिपका रेषेचा घेतला आणि माप स्तंभाचं लावलं. दोन अक्षांच्या आलेखात ही चूक नेहमीची, आणि पट्टी धरली की लगेच पकडता येते.

ही यंत्रणा पट्टी धरत नाही, हे नंतर समजलं. फोटो आधी लहान केला जातो, मग त्याचे बारीक चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचे आकडे बनतात. छापील अक्षरं त्यातून बऱ्यापैकी वाचता येतात, पण स्तंभाची उंची हा अंदाजच. जुलैचे ९८० तिने १००० सांगितले, कारण जवळची रेघ तीच होती. माझ्या फोटोत अर्ध्या जागेत टेबल आणि चहाचा कप होता, तेव्हा लहान होताना अक्षाचे आकडे पार विरले असणार. गंमत म्हणून डावा अक्ष वहीने झाकून पुन्हा विचारलं, तरी ती बिनदिक्कत मिलिमीटरमध्ये आकडे देत होती! या खात्रीची मला जास्त धास्ती वाटली.

मग कागद भिंतीला लावून समोरून सरळ फोटो घेतला, बाकीचं कापलं. आधी कोणता रंग कोणत्या अक्षाचा एवढंच विचारलं, आणि ते बरोबर आल्यावरच निळा सप्टेंबर. उत्तर ४००. रेघा दोनशे-दोनशेच्या अंतरावर असताना याहून नेमकं आमच्या डोळ्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी मुलांना म्हटलं, स्तंभांवर आकडेच लिहा. तीन महिने अचूक आले. सप्टेंबर ८९०! तो स्तंभ ज्या पोराकडे होता त्याने देवनागरीत ४१० लिहिलं होतं; त्याच्या अक्षरात चार इंग्रजी आठासारखा, एक इंग्रजी नऊसारखा. पोरगा म्हणाला, "सर, माझं बरोबर आहे." होतंच.