बिलात न दिसणारे तास

मी छोट्या व्यवसायांचे हिशेब पाहते. त्या दिवशी ऑनलाइन विक्री करणाऱ्या एका मालकीणबाईंनी मला बोलावून विचारलं, "फोटो साफ करून वेबसाइटवर चढवणारा फ्रीलान्सर ताशी फार घेतो. त्यापेक्षा पगारी माणूस ठेवू का?"

पगाराचा एक तास म्हणजे 1 असं धरलं, तर फ्रीलान्सर 1.6 घेत होता. पण नेमलेल्या माणसाचा खर्च पगारावर थांबत नाही. सुट्ट्या, भविष्यनिर्वाह, संगणक, बसायची जागा असं सगळं जमेस धरून त्यांचा आकडा 1.3 च्या आसपास येत होता. शिवाय काम असो वा नसो, आठवड्याच्या 40 तासांचे पैसे द्यायचेच, म्हणजे 1.3 नं 52. फ्रीलान्सरचे 52 व्हायला साडेबत्तीस तासांचं काम लागतं. बाईंना आठवत होता तो नवा माल आल्याचा आठवडा, 35 तासांचा. वर्षभराची बिलं काढली, तर बहुतेक आठवडे 15 ते 20 तासांतच संपत होते.

प्रश्न सुटला असं वाटत होतं, पण बिलं हा अर्धाच खर्च असतो. म्हणून मी त्यांच्या सहायिकेला फ्रीलान्सरशी झालेला संवाद दाखवायला सांगितलं. "मापाचा तक्ता कितव्या फोटोनंतर?" हाच प्रश्न दर नव्या मालाला परत आला होता आणि तिनं दर वेळी नव्यानं उत्तर लिहिलं होतं. चुकलेले फोटो परत पाठवणं वेगळंच. यात तिचे आठवड्याला सहा तास जात होते. तेही 1.3 नं धरले तर जवळपास 8 होतात आणि दोन्ही खर्च सारखे होण्याचा बिंदू साडेबत्तीसवरून साडेसत्तावीस तासांवर उतरतो. नेमलेल्या माणसालाही सुरुवातीला हे शिकवावं लागतं, पण ते त्याच्याजवळ टिकतं. मला हा फरक दरापेक्षा मोठा वाटतो.

तरीही 20 तासांच्या कामासाठी पूर्णवेळ माणूस नको, असं मी स्पष्ट सांगितलं. फोटोंचा क्रम, पार्श्वभूमी, फाइलींची नावं हे सगळं दोन पानांत लिहून काढायचं ठरलं. फ्रीलान्सरला महिन्याला ठरावीक तासांची हमी द्यायची आणि त्या बदल्यात दर थोडा कमी करून घ्यायचा. फोटोंचे हक्क व्यवसायाकडे येतील, हेही करारात लिहायला लावलं. बऱ्याच देशांत लेखी करार नसेल तर हे हक्क काम करणाऱ्याकडेच राहतात.

"मग माणूस घ्यायचा कधी?" बाईंनी विचारलं.

"ओळीनं तीन महिने आठवड्याची सरासरी साडेसत्तावीस तासांच्या वर गेली की. फक्त माल आल्याचे आठवडे बघून ठरवू नका."

सहायिकेनं लगेच तासांच्या नोंदीत सरासरीचा रकाना वाढवला. ती तिच्या तासांसाठीही एक रकाना करत होती.