गाजरा गाजरा, कुठंयस?

रविवार, रात्र

आज दुपारभर बडोद्यात दांडिया बाजारच्या आमच्या मधल्या खोलीत सशाच्या बाहुलीच्या व्हिडिओचं शूटिंग. वहिनीच्या बालवाडीसाठी, तीन ते पाच वर्षांची मुलं. ससा म्हणजे मंगळ बाजारातून आणलेला पांढरा मोजा, आत तोंडासाठी दुमडलेला पुठ्ठा, कान फेल्टचे आणि डोळे काळ्या बटणांचे. सेटवर फक्त एक टोपली, एक माठ आणि एक उशी. मागे साधी निळी चादर, कारण फुलाफुलांची लावली की एवढी छोटी मुलं फुलंच बघत बसतात.

गोष्ट एवढीच की सशाचं गाजर हरवलंय. तो म्हणतो "गाजरा गाजरा, कुठंयस?", मग टोपलीत बघतो, मग आपल्याकडे बघून विचारतो "इथं आहे का?" आणि थोडं थांबून स्वतःच म्हणतो "नाही गं बाई!" माठापाशी तेच, उशीपाशी तेच, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. मग तो अजून उशीखालीच शोधत असताना गाजर त्याच्याच पाठीमागून हळूच वर येतं आणि ते सशाच्या आधी मुलांना दिसतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्या "इथं आहे का?" नंतरचं थांबणं. मोठ्या माणसाला तिथं काहीच घडत नाहीये असं वाटतं आणि एडिट करताना हात आपोआप कापायला जातो, पण लहान मुलाला प्रश्न कळायला, उत्तर सुचायला आणि तोंडातून बाहेर यायला तीन-चार सेकंद सहज लागतात. संध्याकाळी वाड्यातल्या मुलांना बसवून कच्चा व्हिडिओ दाखवला. पहिल्यांदा सगळी गप्प, दुसऱ्यांदा दोघीतिघी "नाही!" म्हणाल्या, तिसऱ्यांदा सगळ्यांचा कोरस. माठापाशी मात्र त्यांचं "नाही" आणि सशाचं "नाही गं बाई" एकावर एक आलं, म्हणजे तिथला पॉज छोटा पडतोय हे लगेच कळलं. आणि थांबणं म्हणजे ससा पुतळ्यासारखा उभा असं नाही, त्यानं मान थोडी कलती करायची, एकदा वस्तूकडे आणि परत कॅमेऱ्याकडे बघायचं, तरच मुलांना वाटतं की तो आपल्या उत्तराची वाट बघतोय.

आता हे बघणं सगळं मनगटात असतं. हात सैल सोडला की मोज्याचं तोंड वर जातं आणि ससा छताशी बोलतो, त्यामुळे मनगट पुढे वाकवून धरायचं आणि फोन सशाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. बोलताना अंगठा खाली जातो, वरची चार बोटं जागेवर राहतात. वरची बोटं हलवली की प्रत्येक शब्दाला डोळे उडतात आणि नजर सुटते. तोंडही प्रत्येक अक्षरावर एकदाच उघडायचं, गा-ज-रा, तीनदा, बस. हे दिसावं म्हणून सराव करताना, पुढची चादर टाकायच्या आधी, फोनच्या मागे कपाटाचा जुना आरसा उभा केला. दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून बघता येतं पण चित्र जरा उशिरा येतं, त्यावर ओठ जुळवायला गेलं की सगळंच चुकतं.

लपण्यासाठी दोन खुर्च्यांना काठी बांधून त्यावर जाड चादर दुहेरी टाकली होती, आणि मी मागे बुटक्या मोड्यावर, डोकं काठीच्या खाली, कोपर सरळ वर. इथं दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे उजेड. मागे खिडकी उघडी असली की पातळ चादरीवर बाईची अख्खी सावली पडते, म्हणून मागची खिडकी बंद आणि उजेड सगळा पुढून, गॅलरीतून. दुसरं म्हणजे दंड भरून येतो. मिनिटभरात ससा हळूहळू खाली जायला लागतो आणि करणाऱ्याला ते कळतच नाही. मोज्यावर काठीच्या रेषेत लाल दोरा घातला, माझ्या बाजूनं, तो काठीच्या खाली गेला की थांबायचं. म्हणून एका जागेचा एकच शॉट घ्यायचा, मग हात खाली, पाणी, आणि पुढची जागा. तशीही जागा बदलताना मध्ये कट आला तर मुलांना काही वाटत नाही, वाक्य तेच येतंय ना मग त्यांना धागा सापडतो.

वहिनी म्हणाली, "ताई, शेवटी तुम्ही बाहेर येऊन टाटा करा ना, मुलं तुम्हाला ओळखतात." मी नको म्हटलं. एरवी मुलांना हात दाखवायला मला आवडतं, ससा कसा बनवला तेही शिकवीन, पण ते वर्गात वेगळ्या दिवशी. या व्हिडिओत मुलं सशाला उत्तर देतायत, मध्येच मी उभी राहिले तर ती माझ्याशी बोलायला लागतील आणि गाजर राहील बाजूला. वहिनीला पटलं.

गाजर वर आलं तेव्हा भाचा उभा राहून ओरडला, "मागे! अरे मागे बघ ना!" आणि ससा तेव्हा अजून उशीखालीच शोधत होता. तो भाग एकदम बरोबर जमलाय, तिथं हात लावायचा नाही. उद्या फक्त माठाचा शॉट परत, लांब पॉज ठेवून.