बटण चित्रातलं होतं

आज आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं चित्रांच्या स्लाइडचं कॅरोसेल घेऊन गेले होते, व्हॉट्सॲपवर कोणीही अनोळखी माणूस आपल्याला ग्रुपमध्ये टाकतो ना ते बंद कसं करायचं त्याचं, कारण शेअर मार्केटच्या फसव्या ग्रुपांमध्ये हीच मंडळी ओढली जातात.

पहिल्याच स्लाइडवर एक काकू उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबत बसल्या, परत परत, आणि म्हणाल्या "अगं उघडतच नाही." ते ठिपके माझ्या चित्रातले होते! चूक त्यांची नाहीच, मी स्क्रीनशॉट इतका हुबेहूब लावलेला की खरंच वाटणार. आणि फोनचे अक्षर मोठं केलं तरी चित्रातलं अक्षर मोठं होत नाही, हेही तिथेच कळलं.

मग दोन फोन शेजारी ठेवले, माझ्यावर चित्र, त्यांच्यावर व्हॉट्सॲप. तीन ठिपके, Settings, Privacy, खाली Groups, तिथे Everyone होतं ते My contacts केलं. प्रत्येक वेळी बोट थांबायचं, "काही उडणार नाही ना गं?" नाही काकू, मेसेज, फोटो सगळं जागेवर राहतं.

एक मात्र सांगितलं, अनोळखी माणूस ग्रुपचं आमंत्रण तरीही पाठवू शकतो, ते आलं तर नुसतं सोडून द्यायचं.

आता रात्री बसून सगळ्या स्लाइड बदलतेय, चित्राभोवती जाड चौकट, वर "हे फक्त चित्र आहे", आणि एका स्लाइडवर एकच टॅप.