हप्ता कमी दिसला, मग आतलं पान वाचलं

आज दोन आरोग्य विमा पॉलिसी शेजारी ठेवून वाचल्या. कव्हर दोन्हींचं 10 लाख, पण एकीचा हप्ता वर्षाला 6,000 रुपयांनी कमी. कारण आतल्या पानावर सापडलं: प्रत्येक क्लेमवर 20% को-पेमेंट, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपण भरायचा.

समजा बिल 4 लाखांचं झालं. त्यातले विम्यात न बसणारे 40,000 आधी वजा होतात. उरलेल्या 3,60,000 वर 20% म्हणजे 72,000 आपले. एकाच क्लेममध्ये हप्त्यातली 12 वर्षांची बचत गेली! कव्हर वाढवूनही हे टळत नाही, कारण को-पेमेंट पहिल्या रुपयापासून लागतं.

आणि वेटिंग पिरियड? आधीपासूनच्या मधुमेहासाठी महागडीत 2 वर्षं, स्वस्तवालीत 3. म्हणजे तिसऱ्या वर्षी त्याच आजारासाठी ॲडमिट व्हावं लागलं, तर स्वस्तवालीत क्लेमच बसत नाही.