सगळे बरे आहेत, माझ्या नोकरीबद्दल सांगायचंय

सोमवार, १२ जानेवारी. रात्री साडेदहा.

मागच्या मंगळवारी दुपारी चारला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बाहेरच्या ऑर्डरी कमी झाल्यात, रात्रपाळी बंद करतोय, पॅकिंग-डिस्पॅचमधली ११ माणसं कमी होतील, त्यात तुमचं नाव आहे. ३१ जानेवारी शेवटचा दिवस. चहा मागवलेला होता, तो मी प्यायलो. एमआयडीसीत १४ वर्षं ८ महिने टॉवेलांचे खोके मोजले, त्याचं बोलणं सात मिनिटांत आटपलं. घरच्यांना सांगून व्हायला मात्र सहा दिवस लागले. ते लिहून ठेवतो.

हिला त्याच रात्री सांगितलं. त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. ही मशिनवर होती, शाळेच्या गणवेशाच्या कॉलरी उलटवत होती. पोरगी क्लासला गेली होती. मी म्हणालो, "माझी नोकरी गेली. ३१ तारखेपर्यंत आहे." पायडलवरचा पाय थांबला. मिनिटभर काही नाही, मग विचारलं, "हिशोब कधी देणार?"

"महिन्याभरात, म्हणाले."

"अजून कुणाला सांगितलंय?"

"कुणाला नाही."

"मग आकडे हातात येऊ द्या. आत्ता सांगितलंत तर जो तो आपल्या मनाचा आकडा घालेल."

हे तिचं म्हणणं मला पटलं. पण फार थांबूनही चालणार नव्हतं. त्या ११ जणांतले दोघं विडी घरकुलात राहतात आणि हिची मावसबहीणही तिथंच. सोलापूर एवढं मोठं गाव, पण असली बातमी चार दिवसांत सगळ्या पेठा फिरून येते. अण्णांना हे दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर नोकरी राहिली बाजूला, "आम्हाला परकं केलंस" हेच मोठं झालं असतं. म्हणून रविवार ठरवला. तोवर हिशोबाचा कच्चा कागद मिळवायचा आणि काय बोलायचं ते ठरवायचं.

बोलायचं काय, यावर मी बुधवारची पूर्ण पाळी घालवली. "नोकरी सोडली" म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं. शिवाय पुढचा प्रश्न ठरलेला, का सोडली, आणि मग त्या खोट्याला आणखी चार खोटी ठिगळं. "सध्या जरा थांबलोय" हे पुण्याच्या पोरांना शोभतं, ४६ वर्षांच्या माणसानं असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं यानं काहीतरी भानगड केली. "कामावरून काढलं" खरं आहे, पण त्यातही चोरीचा वास येतो. शेवटी साधं वाक्य जमलं. "कंपनीनं ११ माणसं कमी केली, त्यात मी आहे." यात आकडा आहे, त्यामुळं माझी चूक होती का हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि कंपनीला शिव्या घालायलाही मी कुणाला बोलावत नाही. त्याला जोडून तीनच गोष्टी सांगायच्या ठरवल्या: शेवटचा दिवस कोणता, किती महिने भागेल, आणि समोरच्या माणसाचं यात काय बदलतं. बाकी कुणी विचारलं तर सांगायचं.

ताईपासून सुरुवात केली, कारण ती गड्ड्याच्या यात्रेला बार्शीहून येणार होती. घरात पाहुणे आल्यावर, तिळाचे लाडू वळताना हा विषय निघू नये असं वाटत होतं. आणि अण्णा ऐकल्याबरोबर तिलाच फोन लावणार, हेही माहीत होतं. शनिवारी रात्री फोन केला आणि पहिल्याच वाक्यात घाण केली. "ताई, बसलीस का? घाबरू नकोस हं..."

"अगं बाई! अण्णांना काय झालं?"

आवाज एवढा चढला की तिकडून भाऊजी "कोण? कोण?" करत आले. अण्णा ठणठणीत आहेत हे पटवण्यात पाच मिनिटं गेली, आणि ते पटल्यावर ती रडायलाच लागली. नोकरीसाठी नाही, सुटकेनं. मग मी नोकरीचं सांगितलं तेव्हा तिला ते एवढंसं वाटलं. मला हसू आलं खरं, पण फोन ठेवल्यावर वहीत लिहून ठेवलं: आधी म्हणायचं "सगळे बरे आहेत", आणि त्याच दमात "माझ्या नोकरीबद्दल सांगायचंय". घाबरू नकोस म्हटलं की माणूस घाबरायचाच.

रविवारी सकाळी मुरारजी पेठेत गेलो. अण्णांना फोनवर सांगायचं नव्हतं. अण्णा गिरणीत लूम खात्यात होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा त्यांना घरी येऊन काही सांगावंच लागलं नव्हतं. एके सकाळी भोंगा वाजला नाही आणि अख्ख्या चाळीला कळलं. आई सांगते, त्या दिवशी बायका नळावर एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. सगळ्यांचं एकदमच गेलं, मग लाज कुणाची कुणाला वाटणार? आता भोंगा नाही. माझं गेलं ते माझ्या शेजारच्या टेबलालाही दुसऱ्या दिवशी कळलं.

आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. मी खायच्या आधीच बोललो. "सगळे बरे आहेत. माझ्या नोकरीबद्दल सांगायचंय. कंपनीनं ११ माणसं कमी केली, त्यात मी आहे. महिनाअखेरपर्यंत कामावर आहे."

अण्णा भाकरी मोडत होते, मोडत राहिले. "गेट बंद करायलेत का?"

"नाही. कारखाना चालू आहे, एक पाळी बंद."

"मग देणी मिळतील," म्हणाले. गिरणीची देणी मिळायला त्यांना किती वर्षं लागली, ते मला माहीत आहे. त्यामुळं हे वाक्य मला धीराच्या दहा वाक्यांपेक्षा बरं वाटलं.

अवघड होतं ते पुढं. अण्णा आणि आई माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत आणि अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं होतं. ग्रुप पॉलिसी नोकरीला बांधलेली असते, आमची शेवटच्या दिवशी संपते. हे न सांगता नुसतंच "काही काळजी नाही" म्हणालो असतो तर फेब्रुवारीत दवाखान्याच्या काउंटरवर त्यांना कळलं असतं. म्हणून सरळ सांगितलं, "ऑपरेशन ३१च्या आत करून घ्यायचं. मी शुक्रवारी डॉक्टरांना विचारलंय, २२ तारीख मिळतेय. त्यानंतर त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत जाता येतं, अर्ज मुदतीत टाकावा लागतो. पण तुमच्या वयाला घ्यायचं की नाही, आणि हप्ता किती, ते तेच ठरवणार. त्यामुळं ते मी धरून चाललेलो नाही."

आईचा चेहरा उतरला. अण्णा म्हणाले, "२२ला काय वार येतो?"

"गुरुवार."

"चालेल."

मग त्यांनी हिशोबाचा कागद मागितला. चष्मा कपाळावर आणि कागद नाकाला लावून वाचला. मोतीबिंदूवाल्याचं वाचन असंच. अकाउंटच्या पोरानं पेन्सिलीनं काढून दिलेला कच्चा हिशोब होता: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२००, वर्षं १४, ग्रॅच्युइटी १,४७,०००.

"तिसानं भागलं का सव्वीसनं?"

"सव्वीसनं." ग्रॅच्युइटीला महिना २६ दिवसांचा धरतात आणि दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ म्हणजे १०,५००. एका वर्षाचे एवढे.

"आणि वर्षं चौदाच कशी?"

"चौदा वर्षं आठ महिने झालीत."

"वरचे महिने सहाच्या पुढं गेले की पूर्ण वर्ष धरायचं. पंधरा. आमच्या खात्यात जॉबरसुद्धा हे तोंडपाठ सांगायचा." कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: १०,५०० × १५ = १,५७,५००. खाली दोन रेघा मारल्या.

मी तीन दिवस तो कागद खिशात घेऊन हिंडत होतो, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या आकड्यावर पुढचं बोलणं सोपं गेलं. ग्रॅच्युइटी, नोटिशीचा एक महिना आणि शिल्लक रजा धरून दोन लाखांच्या आसपास येतील. घरखर्च कर्जाच्या हप्त्यासकट २४,००० आहे. हिची शिलाई सरासरी ७,००० धरली तर दरमहा १७,००० कमी पडतात. पोरीची बारावी आणि पुढच्या प्रवेशाची फी बाजूला काढली तर आठ-नऊ महिने निघतात. पीएफ त्यात धरलेलाच नाही. आई म्हणाली, "माझ्या पाटल्या आहेत." मी म्हटलं, "राहू दे हातात." विषय तिथंच संपला.

धाकट्याला पुण्याला दुपारी फोन केला. त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "काय बोलायलास दादा? थांब, पन्नास हजार टाकतो आत्ता." नको म्हटलं तर तो दुखावतो, हो म्हटलं तर उद्यापासून रोज विचारपूस. म्हणालो, "आत्ता लागत नाहीत. ऑगस्टनंतर लागले तर पहिला फोन तुला. तोवर एक काम कर, चाकणच्या वेअरहाउसमध्ये तुझ्या ओळखीचा कोण आहे त्याला माझा बायोडेटा दे. डिस्पॅच, १५ वर्षं, एवढंच सांग. गरज आहे वगैरे सांगू नकोस." एवढं नेमकं काम हातात मिळाल्यावर गडी शांत झाला.

हिच्या माहेरी मी फोन केला नाही. ते तिनंच केलं, तिच्या शब्दांत. जावयानं सांगितलं की सासऱ्यांना "तुमचं काही चुकत नाही हो" एवढंच म्हणता येतं, खरं काही विचारता येत नाही. तिला त्यांनी खरं विचारलं म्हणे, अर्धा तास.

पोरीला काल रात्री सांगितलं, तेही न फिरवता. क्लास बंद होणार का, एवढंच तिनं विचारलं. नाही, म्हणालो, मार्चपर्यंतची फी भरलेली आहे. मग ती म्हणाली, "मला मंगळवारीच वाटलं होतं. तुम्ही जेवताना ताटात बघत होता." तिला शेवटी सांगायला नको होतं. पुढच्या वेळी (येऊ नये) हिच्यानंतर लगेच तिला.

कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र काही टाकलं नाही. जवळच्यांना सांगून झालंय, मामा-काका यात्रेत भेटतीलच. ग्रुपवर टाकलं की हात जोडलेली चित्रं येतात आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

आज सकाळी ते कॅलेंडरचं पान घेऊन अकाउंटला गेलो. पोरानं पान उलटसुलट बघितलं. मागच्या बाजूला मागच्या डिसेंबरची एकादशी होती. संगणकात जाऊन रुजू झाल्याची तारीख काढली, बोटांवर महिने मोजले, पेन्सिलीनं १४ खोडून १५ केलं.

"हे कुणी काढून दिलं?"

"वडिलांनी."

"अकाउंटला होते का?"

"लूम खात्यात," म्हणालो, आणि पान परत मागून घेतलं. अण्णांनी सांगितलं होतं, कागद सोडून यायचं नाही, झेरॉक्स द्यायची.