आरओई २० टक्के, तरी माझं बोट दुसऱ्याच आकड्यावर

“कंपनीचा आरओई २० टक्के आहे आणि भागधारक मी आहे. मग तुम्ही आरओसीई कशाला बघत बसता?” असं एक भागधारक मला विचारतात. आरओई म्हणजे मालकांच्या, म्हणजे भागधारकांच्या पैशांवर व्याज-कर जाऊन उरलेला नफा किती टक्के. आरओसीई म्हणजे धंद्यात गुंतलेल्या सगळ्या पैशांवर, मालकांच्या आणि कर्जाच्याही, व्याज-कराआधीची कमाई किती टक्के.

बँकेच्या कर्ज विभागात मी बरीच वर्षं सूतगिरण्यांच्या फायली तपासल्या, त्यामुळे उदाहरण गिरणीचंच सुचतं. आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतलेत.

समजा, शेजारी शेजारी दोन गिरण्या आहेत. दोन्हींत जमीन, शेड, यंत्रं आणि गोदामातला कापूस मिळून १०० कोटी गुंतलेत, आणि दोन्ही व्याज व कर भरण्याआधी वर्षाला १४ कोटी कमावतात. फरक एवढाच, की पहिलीत मालकांचे ८० कोटी आणि बँकेचे २०, तर दुसरीत मालकांचे २५ आणि बँकेचे ७५. व्याज १० टक्के आणि कर २५ टक्के धरू.

पहिली २ कोटी व्याज भरते, उरलेल्या १२ कोटींवर कर देते आणि हातात ९ कोटी ठेवते. ८० कोटींवर ९, म्हणजे आरओई सव्वाअकरा टक्के. दुसरीचे साडेसात कोटी व्याजातच जातात. राहिलेल्या साडेसहा कोटींतून कर गेला की ४ कोटी ८८ लाख उरतात, पण ते २५ कोटींवर मोजले की आरओई साडेएकोणीस टक्के. निव्वळ नफा जवळजवळ अर्धा, आणि चांगली म्हणून आपण बोट ठेवणार दुसरीवर!

दुसरीने सूत काही जास्त चांगलं काढलेलं नाही. १० टक्क्यांनी आणलेले ७५ कोटी तिने १४ टक्क्यांनी फिरवले, मधले ४ टक्के म्हणजे ३ कोटी मालकांच्या खात्यात पडले. आरओई वाढला तो कर्जाने. गिरणी म्हणून दोघी किती कमावतात हे आरओसीई सांगतो, आणि तो दोन्हींचा १४ आहे.

आता कापूस महाग आणि सुताला उठाव नाही असं एक वर्ष घ्या. सूतधंद्यात अशी वर्षं येतातच. कमाई १४ वरून ७ कोटींवर आली. पहिलीला व्याज-कर जाऊन पावणेचार कोटी राहतात, आरओई पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. दुसरीला मात्र व्याजच साडेसात कोटी, म्हणजे ५० लाख तोटा, आणि मुदत कर्जाचा हप्ता वेगळाच. आरओसीई दोन्हींचा ७, कर्जाच्या दराच्या खाली. आरओसीई मी कर्जाच्या दराशेजारी ठेवून बघतो तो यासाठीच. दोन्ही करापूर्वीचे, त्यामुळे तुलना सरळ होते.

सॉफ्टवेअर कंपनीवर सहसा फारसं कर्ज नसतं, म्हणून तिथे कुठलाही आकडा बघितला तरी मोठी फसगत होत नाही. गिरणी, सिमेंट, पोलाद इथे कर्जाशिवाय यंत्रं उभीच राहत नाहीत. (बँकेला मात्र आरओसीई लावू नका. ठेवी हा तिचा कच्चा माल.)

पण आरओसीईही आंधळेपणाने घेऊ नये. बरेच जण एकूण मालमत्तेतून चालू देणी वजा करून भांडवल काढतात. त्यात गिरणीची कॅश क्रेडिट उचलही, म्हणजे माल भरायला बँकेकडून लागेल तशी घेतलेली सीसी, वजा होते, कारण ताळेबंदात ती अल्पमुदतीच्या कर्जात, म्हणजे चालू देण्यांत बसते. कापूस हंगामात भरून ठेवायचा असतो, त्यामुळे ३१ मार्चला गोदामही भरलेलं आणि सीसीही वर गेलेली. दुसऱ्या गिरणीच्या ७५ कोटींत २५ कोटी सीसीचे असतील, तर ती वगळून भांडवल १०० वरून ७५ कोटींवर येतं आणि आरओसीई १४ चा जवळपास पावणेएकोणीस होतो. व्याज तर सीसीवरही भरावं लागतंच. म्हणून मी मालकांचे पैसे अधिक सगळी कर्जं, लांबची आणि जवळची, अशी बेरीज करतो.

दुसरा धोका जुन्या यंत्रांचा. घसारा दरवर्षी यंत्रांची पुस्तकी किंमत खाली आणतो, भाजक लहान होतो आणि कोणी काहीही न करता आरओसीई चढतो. तो सलग काही वर्षं वाढताना दिसला, की मी स्थिर मालमत्तेच्या टिपेत मूळ किंमत आणि साठलेला घसारा शेजारी शेजारी ठेवतो. समजा ७० कोटींची यंत्रं घसरून ३५ वर आलीत, खेळतं भांडवल ३० कोटी आहे आणि कमाई १३ कोटी. आरओसीई २० टक्के दिसतो. आणि मग ज्या वर्षी सूत कातणाऱ्या रिंग फ्रेम बदलायला ४० कोटी घालावे लागतात, त्या वर्षी तेवढ्याच कमाईवर तो साडेबारावरही टिकत नाही.