जरा नीट करून दे की

शहापुरातल्या आमच्या गल्लीत गणपती गेले की वर्गणीचा हिशेब मागे उरतो. २०२४ साली तो माझ्याकडे आला, सीएसव्ही फाईल होऊन. खजिनदार काकांचं सांगणं एवढंच : "जरा नीट करून दे की गा."

मी फाईल आधी नोटपॅडमध्ये उघडली, हे नशीब. तारखा दोन तऱ्हेच्या होत्या. काही 25/08/2024 अशा तिरप्या रेघेच्या, काही 08-05-2024 अशा आडव्या रेघेच्या. तिरप्यांत एकही तारीख तेराच्या आतली नव्हती. आडव्या सगळ्या 08 किंवा 09 ने सुरू होत होत्या आणि महिने मात्र जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत विखुरलेले. म्हणजे आमच्या पोरांनी वर्षभर फक्त आठ-नऊ तारखेलाच वर्गणी मागितली म्हणायची!

झालं होतं असं. ज्या पोरानं पावत्या टाईप केल्या, त्याच्या कॉम्प्युटरवर अमेरिकन तारीख होती, महिना आधी. त्यानं 05/08/2024 लिहिलं, एक्सेलनं ते आठ मे धरलं. पंचविसावा महिना नसतो, म्हणून 25/08/2024 नुसता मजकूर म्हणून तसंच राहिलं. पुढे दुसऱ्याच्या भारतीय सेटिंगच्या मशीनवर फाईल उघडून सीएसव्ही केली, तेव्हा खऱ्या तारखा आडव्या रेघेच्या झाल्या, उलटलेल्याच. मी ती तसल्याच सेटिंगवर थेट एक्सेलमध्ये उघडली असती, तर तिरप्याही आडव्या झाल्या असत्या आणि रेघेवरून फरक ओळखायची खूण पुसली गेली असती.

खात्री पावती नंबरांनी दिली. ११८ नंबरवर 31/08/2024, लगेच ११९ वर 09-02-2024. नऊ फेब्रुवारी कुठली, दोन सप्टेंबर. मग तारखेचा रकाना मजकूर म्हणूनच आत घेतला आणि फक्त आडव्यांना शेजारच्या नव्या रकान्यात हे लावलं. मूळ रकाना तसाच ठेवला.

```
=DATE(RIGHT(B2,4),LEFT(B2,2),MID(B2,4,2))
```

रिकाम्या घरांनी जास्त वेळ खाल्ला. तारखेचं घर रिकामं म्हणजे बहुधा 'वरच्यासारखंच'. पण ते भरायचं तर ओळी पावती नंबरानंच हव्यात, आणि कुणीतरी त्या नावानुसार लावून ठेवल्या होत्या. रक्कम रिकामी असली की मात्र तीन शक्यता : पावती रद्द, महाप्रसादाला तांदूळ दिला, किंवा आकडा लिहायचा राहिला. तिथं शून्य भरलं तर बेरीज तीच येते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तांदूळ देणाऱ्या घरानं काहीच दिलं नाही, असं कायमचं लिहिलं जातं. पावती पुस्तकाची अर्धुकं काढून बसलो. जिथं कळलं तिथं शेऱ्यात लिहिलं. रकमेची सात घरं तशीच रिकामी सोडली.

काकांनी फाईल बघितली, चष्मा वर केला. "सात रिकामी ठेवलास की! नीट कर म्हटलेलं नव्हं?"




मी पेन आणि त्या सात घरांचे नंबर त्यांच्यापुढे सरकवले.